बोट निसटलं, पण बेल वाजली का?

सकाळी पावणेआठची वेळ. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज येतो. आईचं पहाटे निधन झालं, अंत्यविधी अकरा वाजता. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या उजव्या हातात चहाचं गाळणं आहे आणि डाव्या हातात फोन. त्या मेसेजवर अंगठा दाबून धरतात, इमोजींची रांग उघडते, शेवटचे जोडलेले हात 🙏 निवडायला अंगठा पुढे सरकतो आणि वाटेतच टेकतो. काकांच्या मेसेजखाली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा 😂 चिकटतो.

व्हॉट्सॲपने मे २०२२ मध्ये रिअॅक्शन आणल्या तेव्हा ही रांग सहाच खुणांची होती: अंगठा, बदाम, हसरा चेहरा, आश्चर्य, रडका चेहरा आणि जोडलेले हात. पुढे दोनेक महिन्यांत कोणताही इमोजी निवडायची सोय झाली, पण पहिल्या सहांची सवय कायम राहिली. या रांगेत हसरा चेहरा बरोबर तिसरा, म्हणजे मध्यावर बसतो. डाव्या हाताचा अंगठा जिथे सहज पोहोचतो, तिथेच. शोकसंदेशांवर हसू उमटण्याचे किस्से जवळपास प्रत्येक कौटुंबिक ग्रुपमध्ये सापडतात, त्यात माणसांच्या निष्काळजीपणाइतकाच या मांडणीचाही हात आहे, असं माझं मत आहे.

आता वहिनींनी काय करायचं? चुकलेल्या इमोजीवर टॅप केलं की खालून यादी वर येते. त्यात आपल्या नावाखाली «Tap to remove» असं लिहिलेलं असतं, त्याला स्पर्श केला की खूण जाते. दुसरा मार्ग म्हणजे मेसेज पुन्हा दाबून धरायचा आणि रांगेतून योग्य इमोजी निवडायचा. व्हॉट्सॲपवर एका मेसेजला एका माणसाची एकच रिअॅक्शन राहू शकते, त्यामुळे नवी खूण आली की जुनी आपोआप हटते. वहिनींच्या जागी मी दुसरा मार्ग धरेन. नुसती खूण काढली तर ज्याने हसरा चेहरा ओझरता पाहिला, त्याच्या मनात तोच राहील. बदलली तर त्याला निदान कळेल की म्हणायचं हे होतं.

व्हॉट्सॲपवरची काढलेली रिअॅक्शन मागे काहीच ठेवत नाही, हा या माध्यमाचा मोठेपणा म्हणायला हवा. सगळ्यांसाठी मेसेज डिलीट केला तर त्या जागी ‘हा मेसेज डिलीट केला’ अशी पाटी राहते आणि ती पाटी पाहून लोकांची उत्सुकता मूळ मेसेजपेक्षा जास्त चाळवते. शिवाय त्याला दोन दिवसांहून थोडी जास्त एवढीच मुदत आहे. रिअॅक्शन काढली की पाटी नाही आणि ‘अमुक यांनी रिअॅक्शन काढली’ असं नोटिफिकेशनही समोरच्याला जात नाही. काढण्याची क्रिया मुकी आहे. देण्याची मात्र नव्हती, आणि वहिनींची धडधड त्यासाठीच आहे.

काकांना कळलं असेल का, हे समजून घ्यायचं तर त्या अर्ध्या मिनिटात काय घडलं ते पाहावं लागतं. आपल्याला वाटतं, रिअॅक्शन म्हणजे मेसेजवर चिकटवलेली टिकली. प्रत्यक्षात तो एक स्वतंत्र छोटा मेसेज असतो. ‘अमुक मेसेजवर अमुक इमोजी’ एवढाच त्याचा मजकूर, तोही इतर मेसेजसारखाच कुलूपबंद होऊन ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनकडे निघतो. रिअॅक्शन काढणं म्हणजे त्याच पत्त्यावर दुसरा मेसेज पाठवणं, फरक इतकाच की इमोजीची जागा या वेळी रिकामी असते. ज्या फोनला दोन्ही मिळतात तो पहिला लावतो आणि दुसरा आला की उतरवतो. पहिला मेसेज वाटेत अडवून परत आणण्याची सोय यात कुठेच नाही.

म्हणून तीन शक्यता उरतात. काकांचा फोन त्या वेळी बंद किंवा नेटबाहेर असेल, तर दोन्ही मेसेज व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर थांबतात. न पोहोचलेले मेसेज तिथे तीस दिवसांपर्यंत राहू शकतात. फोन चालू झाला की दोन्ही पाठोपाठ येतात, हसरा चेहरा उमटायला आणि पुसला जायला फार तर क्षणभर लागतो. घरात कुणी गेलेलं असताना फोन कोपऱ्यात पडून असण्याची शक्यता बरीच, त्यामुळे वहिनींना खरा आधार या शक्यतेचाच आहे. दुसरी शक्यता म्हणजे काकांनी ग्रुप उघडा ठेवला आहे. मग त्यांनी पाहिलं, विषय संपला. तिसरी सगळ्यात सामान्य. फोन चालू आहे, खिशात आहे किंवा टेबलावर आहे, आणि स्क्रीनवर एक ओळ येऊन गेली आहे.

ती ओळ कुणाला जाते, यात बऱ्याच जणांची गल्लत होते. ऐंशी जणांच्या ग्रुपमध्ये वहिनींनी रिअॅक्शन दिली म्हणून ऐंशी फोन वाजत नाहीत. नोटिफिकेशन मूळ मेसेज लिहिणाऱ्याला, म्हणजे फक्त काकांना जातं. त्यात वहिनींचं नाव, इमोजी आणि मेसेजचे सुरुवातीचे शब्द दिसतात. बाकीच्यांपैकी ज्यांनी त्या घटकेला ग्रुप उघडा ठेवला आहे, त्यांना खूण थेट दिसते. इतरांना ग्रुप उघडतील तेव्हा जी शिल्लक असेल ती दिसेल. काकांनी सेटिंगमध्ये रिअॅक्शनची नोटिफिकेशनं बंद केलेली असतील, तर त्यांनाही तसंच. व्हॉट्सॲपच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये वैयक्तिक चॅट आणि ग्रुप या दोन्हींसाठी तशी वेगवेगळी कळ आहे, आणि मोठ्या ग्रुपमध्ये वावरणारे अनेक जण ग्रुपची कळ बंद ठेवतात.

वहिनींना हे कळायला मार्ग काय? काहीही नाही. मेसेजला टिक असतात, निळ्या होतात, मेसेज दाबून धरला तर कुणी कधी वाचला तेही दिसतं. रिअॅक्शनला टिकच नाही. ती पोहोचली का, पाहिली गेली का, याची पोच देणाऱ्याला कधीही मिळत नाही. काका ऑनलाइन दिसतात का, हे पाहत बसण्यातही अर्थ नाही. ऑनलाइन असणं म्हणजे व्हॉट्सॲप उघडं असणं. ते कुठल्या चॅटमध्ये आहेत हे त्यावरून कळत नाही, आणि नोटिफिकेशन वाचायला ॲप उघडावं लागतच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वहिनींच्या स्वतःच्या फोनवर खूण गेलेली दिसली, म्हणजे ती सगळीकडे गेलीच असं नाही. रिकामा मेसेजही नेटवरूनच जायचा असतो. रिअॅक्शन दिल्यानंतर लिफ्टमध्ये शिरलात आणि तिथे ती काढलीत, तर तुमच्या स्क्रीनवर सगळं स्वच्छ दिसेल आणि काकांच्या मेसेजखाली हसू तसंच राहील. नेट परत येईपर्यंत ॲप बंद न करणं आणि जमल्यास घरातल्या दुसऱ्या सदस्याच्या फोनवर तो ग्रुप उघडून पाहणं, ही खात्रीची पद्धत. खूण गेली का, एवढं तरी त्यावरून नक्की कळतं. कुणी पाहिली, हे त्यावरूनही नाही.

आता त्या ओळीकडे वळू, म्हणजे नोटिफिकेशनकडे. लाइक आणि लाइकचं नोटिफिकेशन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सगळा गोंधळ या दोन्ही एकच समजल्यामुळे होतो. लाइक कंपनीच्या नोंदवहीत असते, काढली की तिथून जाते. नोटिफिकेशन ही त्या नोंदीवरून काढून बाहेर पाठवलेली प्रत. आयफोनवर ती ॲपलच्या यंत्रणेमार्फत येते, अँड्रॉइडवर बहुतेक वेळा गुगलच्या. एकदा ती फोनवर उतरली की मूळ नोंद पुसल्याने प्रत आपोआप पुसली जात नाही. दाराची बेल वाजवून पोरगं पळून गेलं, तरी घरातल्यांनी बेल ऐकलेली असतेच, तसं.

ॲपला ती प्रत मागे घेता येते का? येते, पण त्यासाठी त्याने मुद्दाम तशी तजवीज केलेली असावी लागते. आयफोनवर आपलं आलेलं नोटिफिकेशन काढून टाकण्याची सोय ॲप बनवणाऱ्यांना २०१६ पासून मिळाली, अँड्रॉइडवर ती त्याच्याही आधीपासून आहे. सर्व्हरने फोनला गुपचूप निरोप द्यायचा, ॲपने जागं होऊन ती ओळ उतरवायची, असा हा खेळ. फोन बॅटरी वाचवण्याच्या अवस्थेत असेल, ॲप झोपवलेलं असेल, तर हा दुसरा निरोप उशिरा पोहोचतो किंवा त्यावर कारवाईच होत नाही. म्हणूनच लोकांचे अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी सांगतं की लाइक काढल्यावर समोरच्याच्या स्क्रीनवरून ओळही गेली, कुणी सांगतं की ओळ तशीच होती, मात्र तिच्यावर टॅप केलं तर आत काहीच सापडलं नाही. दोघंही खरं सांगत असतात.

ओळ मागे घेतली गेली तरी तिच्या खुणा राहू शकतात. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, फोनच्या सेटिंगमध्ये «Notification history» नावाची सोय आहे. ती चालू केलेली असेल तर मागच्या चोवीस तासांत आलेली नोटिफिकेशनं तिथे वेळेसकट दिसतात, झटकून टाकलेलीसुद्धा. मनगटावरच्या स्मार्टवॉचवर तीच ओळ फोनबरोबर उमटलेली असते. आणि काहींनी कानातल्या इअरफोनवर नोटिफिकेशनं मोठ्याने वाचून घेण्याची सोय लावलेली असते. तिथे तर मागे घेण्यासारखं काही उरतच नाही.

इन्स्टाग्रामवर प्रकरण थोडं वेगळं वळण घेतं. तिथे लाइक देण्यासाठी दाबून धरावं लागत नाही, फोटोवर दोनदा टॅप झालं की पुरे. जुने फोटो पाहत खाली खाली जाणारा माणूस फोटो मोठा करायला बोटं टेकवतो आणि एखाद्या जुन्या मैत्रिणीच्या २०१७ च्या गोव्याच्या फोटोवर लाल बदाम उमटतो. इथे लाजेचं कारण लाइक नसून तारीख असते. इतकी वर्षं मागे जाऊन पाहत बसला होतात, हे त्या एका बदामाने जाहीर होतं.

अशा वेळी अनेक जण झटकन फ्लाइट मोड लावतात. हा उपाय बहुतेक वेळा उलटाच पडतो, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. टॅप केल्याबरोबर बदाम लाल होतो तो सर्व्हरचं उत्तर येऊन नव्हे. वापरणाऱ्याला थांबावं लागू नये म्हणून ॲप आधी रंग बदलून टाकतं आणि निरोप मागाहून पाठवतं. चांगल्या नेटवर हा निरोप तुमचं बोट सेटिंगकडे वळण्याआधीच पोहोचलेला असतो. मग फ्लाइट मोडने लाइक अडत नाही, फक्त ती काढण्याचा निरोप अडतो. जितका वेळ फोन बंद ठेवाल तितका वेळ तो बदाम तिकडे लाल राहील. हाच माणूस खंडाळ्याच्या बोगद्यात असेल, नेट गेलेलंच असेल, तर मात्र लाल बदाम ही नुसती स्थानिक सजावट असू शकते. तिथे बोगदा संपायच्या आत पुन्हा टॅप करून तो पांढरा करावा. एरवी सरळ, लगेच, एकदाच बदामावर टॅप करून लाइक काढावी. खात्री करून घ्यायला पुन्हा देऊन पुन्हा काढण्याचा मोह आवरावा, कारण प्रत्येक देण्याबरोबर नवी ओळ निघण्याचा धोका असतो.

लाइक काढल्यावर इन्स्टाग्रामच्या आतली नोंद, म्हणजे बदामाच्या चिन्हाखाली दिसणाऱ्या यादीतलं ‘अमुकने तुमचा फोटो लाइक केला’ हे वाक्य, निघून जातं. फेसबुकवरही घंटेखालच्या यादीचं तसंच. म्हणजे मैत्रिणीने तुमच्या काढण्यानंतर ॲप उघडलं आणि स्क्रीनवरची ओळ आधी पाहिली नसेल, तर तिला कळायला जागा नाही. शिवाय इन्स्टाग्रामवर लाइकचं नोटिफिकेशन सगळ्यांकडून घ्यायचं, फक्त आपण फॉलो करत असलेल्यांकडून घ्यायचं की अजिबात नको, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. ती तुम्हाला फॉलो करत नसेल आणि तिने मधला पर्याय निवडला असेल, तर बेल मुळात वाजलेलीच नाही. यूट्यूबवर तर ही काळजीच अनाठायी. तिथे व्हिडिओ करणाऱ्याला लाइकचा आकडा दिसतो, लाइक देणाऱ्यांची नावं दिसत नाहीत.

लेखकाला कळलं का, एवढाच प्रश्न धरून बसलं की एक बाजू सुटते. इतरांनी पाहिलं असेल, ती. नोव्हेंबर २०२० मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या अधिकृत इन्स्टाग्राम खात्यावरून एका ब्राझिलियन मॉडेलच्या तोकड्या कपड्यातल्या फोटोला लाइक गेल्याचं लोकांच्या लक्षात आलं. लाइक काढली गेली, पण तोवर स्क्रीनशॉट जगभर फिरले होते. व्हॅटिकनला इन्स्टाग्रामकडे खुलासा मागावा लागला. लाखो लोक लक्ष ठेवून असलेल्या खात्याच्या बाबतीत त्या मॉडेलच्या फोनवर ओळ आली की नाही, याला काडीचंही महत्त्व नव्हतं. तेव्हाच्या ट्विटरवर तर कोण काय लाइक करतं याची यादीच कुणालाही उघडून पाहता यायची. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकी सिनेटर टेड क्रूझ यांच्या खात्यावरून एका अश्लील व्हिडिओला लाइक गेली आणि कर्मचाऱ्याच्या चुकीचं कारण देण्याची वेळ त्यांच्यावर आली. एक्स झालेल्या ट्विटरने जून २०२४ मध्ये ही यादी इतरांसाठी बंद केली. ज्याची पोस्ट आहे त्याला मात्र कुणी लाइक केलं ते अजूनही दिसतं.

काढणं हेच जिथे गाजतं, अशीही ठिकाणं आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत आयफोनवरचं आयमेसेज सर्रास चालतं. एका आयफोनवरून दुसऱ्या आयफोनवरच्या मेसेजला अंगठा दिला आणि काढला तर खूण निमूट जाते. पण समोर साधा एसएमएस घेणारा फोन असेल, तर अंगठ्याचं रूपांतर मेसेजमध्ये होतं. त्याला Liked “Aai is in ICU” असा नवा एसएमएस मिळतो. चूक लक्षात आल्यावर अंगठा काढला तर आणखी एक मिळतो, Removed a like from “Aai is in ICU”. म्हणजे आधी नुसती चूक होती, आता चुकीची लेखी कबुलीही पोहोचली. एसएमएसमध्ये इमोजी चिकटवण्याची सोयच नसल्यामुळे बिचाऱ्या फोनला हे सगळं शब्दांत सांगावं लागतं. गुगलच्या मेसेजेस ॲपने २०२२ पासून असे एसएमएस ओळखून त्यांचं पुन्हा इमोजीत रूपांतर करायला सुरुवात केली, तेव्हा हा त्रास कमी झाला. समोरच्याचा फोन कोणता हे ठाऊक नसेल आणि आपला मेसेज हिरव्या फुग्यात जात असेल, तर अंगठा काढण्यापेक्षा सरळ एक वाक्य लिहिणं बरं.

वाक्य लिहायचं की गप्प बसायचं, याचा माझा हिशोब साधा आहे. चुकीच्या खुणेने समोरच्याला लागणार असेल तर लिहावं, आपलीच फजिती होणार असेल तर लिहू नये. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी काकांना ग्रुपवर नव्हे तर वैयक्तिक लिहावं: ‘काका, मघाशी घाईत चुकीचं बोट लागलं, माफ करा. आम्ही साडेदहाला खाली येतोच आहोत.’ त्यांनी पाहिलं नसेल तरी यात बिघडत काही नाही. ग्रुपवर जाहीर खुलासा केला तर ज्या सत्तर जणांनी काहीच पाहिलं नव्हतं, तेही ‘काय झालं, काय झालं’ करत वर सरकवून शोधू लागतात. गोव्याच्या फोटोच्या बाबतीत मात्र ‘चुकून लाइक झालं’ हा मेसेज लाइकपेक्षा जास्त बोलतो. तिथे बदाम पांढरा करावा आणि फोन खाली ठेवावा.

जुन्या, विसरलेल्या चुकाही शोधता येतात. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या मेनूतल्या «Your activity» मध्ये लाइकची यादी मिळते, त्यातून हव्या तितक्या निवडून एकदम काढता येतात. फेसबुकवर हेच काम «Activity log» मधून होतं. वर्षापूर्वीच्या लाइकचं नोटिफिकेशन अर्थात वर्षापूर्वीच जाऊन बसलेलं असतं. आता काढल्याने फक्त पोस्टखालचं नाव निघतं.

सगळ्यात कडक नियम जीमेलचा आहे. २०२३ पासून तिथे ईमेलला इमोजीने उत्तर देता येतं, आणि बरेच जण ते व्हॉट्सॲपसारखंच समजून वापरतात. पण ही रिअॅक्शनही मुळात ईमेलच असते. समोरचा जीमेल वापरत नसेल, तर ‘अमुक यांनी रिअॅक्शन दिली’ असं वेगळं ईमेल त्याच्या पेटीत पडतं. म्हणून ती परत घेण्याची मुदतही पाठवलेलं ईमेल रोखण्याच्या मुदतीइतकीच असते. खाली «Undo» दिसतं तोवर, नंतर कधीच नाही. ही मुदत मुळात पाच सेकंदांची असते. संगणकावर जीमेल उघडून सेटिंगमधल्या «Undo Send» समोर पाचऐवजी तीस निवडलं आणि पानाच्या तळाशी जाऊन बदल सेव्ह केले, की साहेबांच्या ‘सुट्टी नामंजूर’ या ईमेलला गेलेला बदाम रोखायला पंचवीस सेकंद जास्त मिळतात.